मदत हवी आहे: मायक्रो इकॉनॉमिक्स, हातात चार आठवडे, आलेख आणि डेरिव्हेटिव्ह दोन्ही कच्चे

ऐरोली_लोकल
एफवायला आहे, अकरावी-बारावी आर्ट्समधून केली. गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. कॉलेज ठाण्यात, राहायला ऐरोलीत. परीक्षेला बरोबर चार आठवडे आहेत. थिअरी वाचली की कळते, पण आलेख काढायला सांगितला की हात थांबतो. रोज संध्याकाळी दीड तास मिळतो, रविवारी तीन.

काल एक गणित सोडवलं आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. मागणी P = 60 − 2Q, एक नग बनवायचा खर्च 20 रुपये. तक्ता करून पाहिलं तर दहाव्या नगावर एकूण उत्पन्न 378 वरून 400 झालं, म्हणजे मार्जिनल रेव्हेन्यू 22. डेरिव्हेटिव्ह काढला तर 60 − 4Q, म्हणजे 20. खरं कुठलं? माझी आकडेमोड चुकली का? आणि या सगळ्याचं वेळापत्रक कसं बसवू?

घणसोलीची_आई
माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे, तिलाही राष्ट्रीय उत्पन्नाचं प्रकरण अजिबात जमत नाही. बोर्डाला त्यावर किती मार्क असतात? तिच्यासाठी पण चार आठवड्यांचं काहीतरी सांगा ना कोणी.

ठाणे_पूर्व
ताई, तो मॅक्रोचा भाग झाला, वेगळा धागा काढा, नाहीतर इथे खिचडी होईल.

ऐरोली, माझा अनुभव सांगतो. आलेखांना घाबरायचं नाही, वीसेक आकृत्या पाठ करून टाकायच्या. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: रेषा जितकी उभी तितकी लवचिकता कमी. तुझी मागणी सरळ रेषा आहे, उतार सगळीकडे −2, म्हणजे लवचिकताही सगळीकडे सारखीच.

जुना_खडू
ठाणे पूर्व, अर्धं बरोबर आहे. दोन रेषा एकाच बिंदूतून जात असतील तर उभी रेषा तिथे कमी लवचिक, हे खरं. पण एकाच सरळ रेषेवर लवचिकता जागोजागी बदलते, कारण तिच्यात उताराबरोबर त्या ठिकाणची किंमत आणि नगही येतात. याच मागणीत Q = 10 ला किंमत 40. किंमत एक रुपयाने वाढली की अर्धा नग घटतो, म्हणून लवचिकता −½ × 40/10 = −2. Q = 15 ला किंमत 30, तिथे तीच −1 होते. पेपरात यावर हमखास फसवतात.

आता मूळ प्रश्न. ऐरोली, तुझे दोन्ही आकडे बरोबर आहेत. नववा ते दहावा नग 22 रुपये देतो, दहावा ते अकरावा 18 (400 वरून 418). डेरिव्हेटिव्ह नेमका दहावर उभा राहून उतार सांगतो, तो 20. आलेख कागदावर एकूण उत्पन्नाचा वक्र काढ, 9 आणि 10 वरचे बिंदू पट्टीने जोड, मग 10 आणि 11 वरचे. आता पट्टी 10 वर नुसती टेकव, वक्राला कापू देऊ नकोस. ती त्या दोन रेषांच्या मधोमध बसलेली दिसेल. हे एकदा हाताने केलंस की अर्धं कॅल्क्युलस झालं म्हण.

म्हणून पहिल्या आठवड्यात डेरिव्हेटिव्हला हातच लावू नकोस. रोज एक समीकरण घ्यायचं, पाच-सहा बिंदू काढायचे, उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग, आणि दोन बिंदूंमधला उतार मोजायचा. गणितात आपण ज्याच्यामुळे बदल होतो ते आडव्या अक्षावर घेतो, इथे किंमत उभी असते. अर्थशास्त्रज्ञ मार्शलपासूनची ही रीत आहे, आणि गणितात कच्च्या मुलांचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आकृत्या पाठ करू नकोस. पाठ केलेल्या आकृतीत आकडे बदलले की मुलं कोऱ्या कागदाकडे बघत बसतात, पेपर तपासताना हे वर्षानुवर्षं पाहिलंय.

दुसऱ्या आठवड्यात एकच नियम: घात खाली आणायचा आणि एकाने कमी करायचा. उत्पन्न, खर्च, नफा यांची मिळून तीसेक गणितं, प्रत्येकाचा ताळा तक्त्याने घ्यायचा. तुझंच गणित पुढे ने: 60 − 4Q = 20, म्हणजे Q = 10, किंमत 40, नफा 200. मग 9 आणि 11 ला नफा काढ, दोन्हीकडे 198 येतो. शिखर सापडलं, हे असं कळतं.

ऐरोली_लोकल
सर, पट्टी टेकवून पाहिली. खरंच मधोमध बसते! पण दुसरं गणित गंडलं. त्यात मागणी Q = 30 − P/2 अशी दिली होती. मी PQ चा डेरिव्हेटिव्ह काढला, 30 − P आला, तो 20 बरोबर मांडला, तर किंमत आली 10.

जुना_खडू
थांब. नग बनवायला 20 लागतात आणि तू 10 ला विकतोयस. 25 नग खपतील आणि 250 रुपयांचा खड्डा पडेल. उत्तर बघून इथेच शंका यायला हवी.

मागणी तीच आहे, फक्त उलटी लिहिलीय. तू किंमत बदलल्यावर उत्पन्न किती बदलतं ते काढलंस, आणि खर्चाचे 20 आहेत दर नगामागे. आधी P एकटा एका बाजूला आण, P = 60 − 2Q, मग पुढे जा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: डेरिव्हेटिव्ह कशाच्या मानाने?

तिसरा आठवडा खर्चाच्या वक्रांना दे, सगळ्यात जास्त वेळ इथेच जाईल. एकूण खर्च 50 + 4Q + 2Q² घे. सरासरी खर्चाचा तळ Q = 5 ला येतो आणि तिथे सरासरी 24. मार्जिनल 4 + 4Q, तोही 24. मार्जिनलचा वक्र सरासरीला तळाशीच का कापतो, हे आधी आकड्यांत बघ, मग आकृती काढ. Q = 4 ला सरासरी साडेचोवीस आणि मार्जिनल 20. नवा नग सरासरीपेक्षा स्वस्त पडतोय, म्हणून तो सरासरीला खाली ओढतो. 5 नंतर उलटं.

चौथ्यात जुने पेपर, घड्याळ लावून.

कोपरखैरणे_रात्रपाळी
माझं मत वेगळं. पेपर शेवटी नाही, पहिल्या रविवारीच एक सोडवायचा, नापास झालो तरी चालेल. कॉलेज नेमकं काय विचारतं ते कळतं. मी तीन आठवडे खर्चाचे वक्र घोटले आणि पेपरात समवृत्ती वक्रावर मोठा प्रश्न आला.

जुना_खडू
पेपर वाचायला हरकत नाही. पण पहिल्याच रविवारी सोडवायला बसवलं तर कच्चा मुलगा वही मिटून ठेवतो, असंही पाहिलंय. ऐरोली, हे तुझं तूच ठरव.

ऐरोली_लोकल
आज पेपर नुसता वाचला. सातपैकी चार प्रश्नांत आकृती आहे. समवृत्ती वक्राच्या प्रश्नात U = XY दिलंय आणि दोन चलांचा डेरिव्हेटिव्ह मागितलाय, तो आम्हाला वर्गात शिकवलेलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात तो घुसवू की खर्चातच राहू?

ठाणे_पूर्व
U = XY ला सोपं आहे, एक चल आकड्यासारखं धरायचं आणि दुसऱ्यावर तुझा तोच नियम चालवायचा. X च्या मानाने Y उरतो, Y च्या मानाने X. एका संध्याकाळचं काम. लवचिकतेचं सरांचं म्हणणं मान्य, घरी आकडे घालून बघितले.

जुना_खडू
हे मात्र पूर्ण बरोबर. पण आधी कॉलेजातल्या सरांना विचार, अभ्यासक्रमात आहे का. नसेल तर ती संध्याकाळ खर्चाला दे.

ऐरोली_लोकल
उद्या विचारतो. पहिल्या पानावर लिहिलंय, लाल पेनाने.