शब्दचर्चा : ‘उलाढाल वाढली पण उलाढाल घटली’ हे मराठीत कसं लिहायचं?

अंबडची लेक

आमचं अंबड एमआयडीसीत प्रेस पार्ट्सचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा, काका आणि आत्या असे तिघे भागीदार. त्यांच्यासाठी यंदाच्या ताळेबंदावर मराठीत दोन पानं लिहितेय आणि एका वाक्यावर अडलेय.

विक्री ६ कोटींवरून ८ कोटींवर गेली. नफा ३६ लाखांवरून ४० लाख, दोन्ही आकडे कर भरण्याआधीचे. भागीदारांचे स्वतःचे पैसे दोन्ही वर्षी २ कोटीच आहेत, कारण झालेला नफा घराघरांत उचलला गेला. म्हणजे स्वतःच्या पैशावरचा परतावा १८ टक्क्यांवरून २० टक्के झाला. काका खूश आहेत. पण धंद्यात अडकलेली एकूण मालमत्ता ४ कोटींवरून ६ कोटी ४० लाखांवर गेली, त्यामुळे ॲसेट टर्नओव्हर, म्हणजे विक्री भागिले मालमत्ता, दीडवरून सव्वावर आला. शब्दकोशात टर्नओव्हरला ‘उलाढाल’ दिलंय. मग ‘उलाढाल वाढली पण उलाढाल घटली’ असं लिहू का? आणि लिव्हरेजसाठी ‘उत्तोलन’ लिहिलं, तर बाबा पान तिथेच मिटतील.

कॉलेजरोडकर

ॲसेट टर्नओव्हरला ‘मालमत्ता-उलाढाल गुणोत्तर’ म्हणतात, परीक्षेत तेच लिहिलंय. लिव्हरेज म्हणजे सरळ ‘कर्ज’. तुमचं खरं दुखणं मार्जिनमध्ये आहे. ३६ लाख भागिले ६ कोटी म्हणजे ६ टक्के, ४० लाख भागिले ८ कोटी म्हणजे ५ टक्के. भाव पाडून ऑर्डरी घेतल्या असणार.

जुना हिशेबनीस

ताई, बाजारात ‘उलाढाल’ म्हणजे विक्रीची रक्कम, हा अर्थ आता हलणार नाही. त्यामुळे दुसऱ्या गोष्टीला दुसरा शब्द हवा, आणि तो आपल्याकडे आहे. व्यापारी ‘पैसा फिरला पाहिजे’ म्हणतो. गुंतवलेला एक रुपया वर्षात किती वेळा विक्रीतून फिरून आला, ते ‘फेर’. गेल्या वर्षी दीड फेर, यंदा सव्वा. तुमचं वाक्य असं होईल : ‘उलाढाल वाढली, पण पैशाचे फेर कमी झाले.’

मार्जिनलाही घरचा शब्द आहे. ‘रुपयामागे काय सुटतं?’ असं आपण विचारतोच. तेव्हा सहा पैसे सुटत होते, आता पाच.

कॉलेजरोडकर, लिव्हरेजला नुसतं ‘कर्ज’ म्हणू नका. इथे मोजायचं ते असं, की स्वतःच्या पैशाच्या किती पट मालमत्ता चालवली जातेय. ती दुपटीवरून ३.२ पट झाली. उरलेले पैसे बँकेचेही असतात आणि माल देणाऱ्यांचेही. मी तिथे ‘पट’ एवढंच लिहीन. सुटणं, फेर आणि पट यांचा गुणाकार केला की स्वतःच्या पैशावरचा परतावा येतो. ६ गुणिले १.५ गुणिले २ म्हणजे १८. आता ५ गुणिले १.२५ गुणिले ३.२ म्हणजे २०. सुटणं घटलं, फेर घटले, वाढली ती फक्त पट.

बेदाणा

आमच्या पिंपळगावकडे उलाढाल म्हणजे उलाढालच. पण या हिशेबाने माझं तर दिवाळंच निघेल! बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो, ३१ मार्चला कोल्ड स्टोरेज भरलेलं असतं. त्या दिवशीची मालमत्ता धरली तर माझे फेर दीडही येत नाहीत. दिवाळीनंतर तीच मोजा, तिप्पट येतील. मग मी फिरतोय की नाही?

जुना हिशेबनीस

भाऊ, तुम्ही फिरताय. विक्री वर्षभराची आणि मालमत्ता एका दिवसाची, या जोडीत ही खोट राहतेच. तुम्ही दर महिनाअखेरचा साठा आणि उधारी घेऊन बारा महिन्यांची सरासरी काढा. ताई, तुमच्याकडेही हे तपासा. एखादं मशीन मार्चमध्ये आलं असेल, तर त्याची पूर्ण किंमत मालमत्तेत येते पण त्याचं काम विक्रीत आलेलं नसतं, आणि फेर उगाच कमी दिसतात.

अंबडची लेक

मशीन मेमध्येच आलं. मालमत्तेत ते ९० लाखांनी दिसतं. माल वाढला ४० लाखांनी, आणि गिऱ्हाइकांकडे अडकलेली उधारी १ कोटी १० लाखांनी. दोन मोठी गिऱ्हाइकं आता बरीच उशिरा पैसे देतात. आणि कॉलेजरोडकर, भाव पाडल्याचं काही आठवत नाही.

जुना हिशेबनीस

म्हणजे फेर खरंच मंदावले, आणि अर्ध्याच्या आसपास वाढ उधारीतली आहे. मशीनला दोष देऊन भागणार नाही. आता व्याज किती भरलंत, बँकेचं देणं किती आणि माल देणाऱ्यांचं किती, ते सांगा.

अंबडची लेक

बँकेचं १ कोटी २० लाखांवरून २ कोटी ४० लाख. व्याज १२ लाखांवरून २४ लाख, साधारण १० टक्के. माल देणाऱ्यांचं ८० लाखांवरून थेट २ कोटी.

जुना हिशेबनीस

नफ्यात व्याज परत मिळवा. आधी ४८ लाख, आता ६४ लाख. विक्रीच्या मानाने दोन्ही वर्षी बरोबर ८ टक्के. कामात सुटतंय तेवढंच सुटतंय, कमी झालेला पैसा व्याजात गेला. म्हणून ‘सुटतं’ हा शब्द वापरताना व्याजाआधी की व्याजानंतर, ते त्याच ओळीत लिहा. नाहीतर बाबा उद्या दर वाढवायला निघतील आणि ऑर्डर गमावतील.

कॉलेजरोडकर

हे मी पाहिलं नव्हतं. म्हणजे पट वाढली की सुटणं आपोआप घटतं? मग तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कशा?

जुना हिशेबनीस

पूर्ण वेगळ्या नाहीतच. ड्युपाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी ही फोड वापरात आणली, तेव्हा तिच्यात सुटणं आणि फेर एवढे दोनच होते. पट नंतर जोडली गेली. ती जोडली की व्याज मार्जिनमध्ये शिरतं.

शब्दवेडी

‘पट’ कळतो, पण त्यात धोका दिसत नाही. मला ‘तरफ’ बरा वाटतो. पहारीने धोंडा उचलताना टेकू सरकला तर तीच पहार उलटून लागते. पट कधी उलटत नाही.

जुना हिशेबनीस

शब्द चांगला आहे, आणि ताईंच्या आकड्यांत टेकू सरकलेला दिसतो. गेल्या वर्षी व्याजाआधी ८ टक्के गुणिले दीड फेर, म्हणजे मालमत्तेच्या शंभर रुपयांवर १२ रुपये मिळत होते, बँकेला १० जात होते. बँकेच्या शंभरावर २ आपले. यंदा ८ गुणिले सव्वा म्हणजे बरोबर १०, आणि बँकेलाही १०. बँकेच्या २ कोटी ४० लाखांवर घरात काही येत नाही. नफ्याचे ४० लाख कसे आले? स्वतःच्या २ कोटींवर २० लाख, आणि माल देणाऱ्यांच्या थकलेल्या २ कोटींवर २० लाख. वाढलेला परतावा तिथून आलाय.

बेदाणा

म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून. आमच्याकडे असं थकवलं की पुढच्या गाडीचा माल वाढीव भाव लावूनच मिळतो.

अंबडची लेक

पत्र्याच्या व्यापाऱ्याने यंदा रोखीची सूट बंद केली आहे, हे आत्ता लक्षात आलं. ती रक्कम व्याजाच्या ओळीत नाही, खरेदीच्या दरात मिसळली आहे. ती वेगळी काढली तर ‘व्याजाआधी ८ टक्के’ हा आकडाही बदलेल ना?

जुना हिशेबनीस

बदलेल. ती सूटही व्याजच आहे, फक्त नाव वेगळं. खरेदीची बिलं काढून बसा.

शब्दवेडी

‘फेर’ मला पटला. ‘पट’ की ‘तरफ’, यावर मी अजून अडून आहे.

अंबडची लेक

सध्या पानावर ‘पट’ लिहितेय. आत्याला मात्र तोंडी सांगताना पहारीचंच उदाहरण देईन, तिचं बालपण त्र्यंबकच्या शेतात गेलंय.