बारा वर्षांच्या पोराला दुभाष्या करायचं का?

खिडकीजवळची: कलबुर्गीकडून पुण्यात बांधकामावर आलेली कानडी कुटुंबं दवाखान्यात येतात, आणि मराठी शाळेत जाणारं पोरगंच आईचं दुखणं डॉक्टरांना सांगतं. हे थांबवा. शेजारचा कुणीही मोठा माणूस आणा, पोर नको.

गोळीचिठ्ठी: शेजारचा मोठा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मुकादम. ज्याच्या हातात मजुरी आहे, त्याच्यासमोर बाई अंगावरून जातंय हे सांगेल? रात्री ताप चढला की पोरच सोबत असतं. तेव्हा ते चुकतं कुठे, ते आधी बघा. आई तीन वाक्यं बोलते: ‘एदे उरी’, म्हणजे छातीत जळजळ, जेवणानंतर, दोन दिवसांपासून. पोर म्हणतं, ‘छातीत दुखतं.’ जळजळ गेली, जेवण गेलं, दिवसही गेले. ओळखायची खूण सोपी आहे. बोलणं लांब आणि भाषांतर तीन शब्दांचं असेल, तर मधलं काहीतरी गळलं. अशा वेळी डॉक्टरांनी पुढे न जाता ‘आई अजून काय म्हणाली?’ एवढंच विचारावं. आईनेही एका वेळी एकच वाक्य बोलावं, मग थांबावं.

सीमाभाग: एवढं कशाला? शब्दाला शब्द सांग म्हणायचं, झालं.

गोळीचिठ्ठी: नाही होत. ‘तले सुत्तु’ शब्दाला शब्द केलं तर ‘डोकं फिरतंय’. डॉक्टरांना वाटेल बाई चिडलीय. तिला चक्कर येतेय! आणि उलटा घोळही आहे. डॉक्टरांचा ‘चक्कर’ आईच्या कानाला ‘सक्करे’ लागतो, म्हणजे साखर. ती ‘इल्ल’ म्हणते, आणि कागदावर ‘चक्कर नाही’ असं चढतं. पोराला एकच सवय लावा: शब्द अडला तर अंदाज करायचा नाही, ‘हा शब्द मला येत नाही’ म्हणायचं आणि आईला बोट ठेवून दाखवायला सांगायचं.

सीमाभाग: बरं, शब्दाला शब्द मागे घेतो. अर्थाला अर्थ म्हणू.

मराठीच_बोला: मुळात महाराष्ट्रात राहायचं तर मराठी शिका. पोरं शिकतात, आईबापांना काय अडचण आहे?

सीमाभाग: विषय काय, तुम्ही बोलताय काय? बीडची माणसं ऊस तोडायला बेळगाव-बागलकोटकडे जातात, तेव्हा त्यांचीही पोरं कानडी दवाखान्यात अशीच उभी असतात. तापलेल्या बाईने आधी मराठी शिकून यायचं का?

मराठीच_बोला: मी तापाबद्दल बोललो नाही. पण ठीक आहे, दवाखान्याबाहेर बोलू.

चमचाभर: खरी गडबड डोसात होते, तिकडे कुणी का बघत नाही? ‘दीड गोळी’ म्हटलं की पोर गडबडतं, कारण दीड-अडीच अजून त्याच्या तोंडी बसलेलं नसतं. ते आईला ‘अर्ध’ सांगतं. ‘एक आणि अर्धी’ म्हणा, आणि पाकिटावर एक पूर्ण गोल, एक अर्धा गोल काढा. पातळ औषधात याहून वाईट. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीत १०० मिग्रॅ, नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिग्रॅ. घरी दोन्ही बाटल्या असल्या आणि थेंबाचं औषध ५ मिली गेलं, तर ५०० मिग्रॅ झाले, चौपट. ‘एक चमचा’ हा शब्दच नको. बाटलीसोबतच्या मापावर रेघ मारून द्या.

खिडकीजवळची: चमच्याचं भाषण पुरे! मी पोराबद्दल लिहिलं होतं.

चमचाभर: पोराबद्दलच आहे, ताई. शेवटी आईकडून उलटं वदवून घ्या. ‘कळलं का?’ विचारलं की ‘हो’च येतं. ‘संध्याकाळी किती घेणार, जेवणाआधी की नंतर?’ असं विचारा. तिने कानडीत सांगायचं, पोराने मराठीत. आकडा जुळला तरच पाकीट हातात.

खिडकीजवळची: ठीक, गोळ्यांपुरतं मान्य. पण मुलाने आईला ‘शेवटची पाळी कधी आली’ विचारायचं? तो लाजून ‘बरं वाटतं का’ विचारतो, ती हो म्हणते, आणि तो डॉक्टरांना ‘हो’ सांगतो. तारीख विचारली आणि उत्तर ‘हो’ आलं, तिथेच कळायला हवं.

गोळीचिठ्ठी: इथे तुमचं बरोबर आहे. पाळी, गर्भ, एचआयव्ही, ऑपरेशनची संमती, मोठ्या आजाराचं निदान, यात पोर बाहेर बसवायचं. कानडी येणारी नर्स किंवा दुसरी बाई शोधायची, नाहीतर गावाकडच्या मावशीला फोन लावून स्पीकरवर घ्यायचं.

खिडकीजवळची: आणि मावशी फोन उचलत नसेल तर?

गोळीचिठ्ठी: तातडीचं नसेल तर दुसऱ्या दिवशी बोलवायचं. तातडीचं असेल तर पोराला तेवढा एकच प्रश्न द्यायचा, आधी सांगून की हे डॉक्टर विचारतायत, तू नाही.

खिडकीजवळची: तेवढ्याने त्याची लाज जात नाही. यावर मी अजूनही नाहीच म्हणेन.