वार्षिक करार, चौदा सीट आणि मध्येच गेलेली चार माणसे

विक्रेता_पुणे (मूळ पोस्ट): परदेशी सॉफ्टवेअरचे दरपत्रक छोट्या फर्मला तासभर समजावून सांगण्यात अर्थ नाही. माणसे मोजा, मधला प्लॅन निवडा आणि वार्षिक करार करा. तोच स्वस्त पडतो.

हिशेबनीस_कोल्हापूर: अशाच सल्ल्याने माझ्या एका क्लायंटचे पैसे गेले, म्हणून सविस्तर लिहितो. त्यांचा सुट्या भागांचा कारखाना आहे. कार्यालयात दहा माणसे कायमची आणि चार जण मार्चअखेरच्या घाईपुरते पाच महिन्यांसाठी. दरपत्रकावर ठळक अक्षरांत 10 डॉलर होते आणि खाली बारीक अक्षरांत `per user/month, billed annually`. ज्या महिन्यात जितकी माणसे तितके पैसे, असे मालकांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात चौदा सीटचे वर्षाचे 1680 डॉलर त्यांनी कबूल केले होते. चौघे गेल्यावर त्यांची खाती बंद केली, तरी बिल तेवढेच आले, कारण खाते काढल्याने सीट फक्त रिकामी होते, कमी होत नाही. ॲडमिनच्या बिलिंग पानावर चौदा खरेदी आणि दहा वापरात, असे आकडे शेजारीशेजारी दिसत होते. ते पान कोणी उघडलेच नव्हते.

मासिक दर 12 डॉलर होता. कायमच्या दहांसाठी वार्षिक 1200 आणि चौघांसाठी पाच महिन्यांचे 240, म्हणजे 1440 मध्ये काम भागले असते. एकाच खात्यात दोन्ही मुदती सगळ्याच कंपन्या चालू देत नाहीत. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये चालतात. हे आधी विचारायला दहा मिनिटे पुरतात.

विक्रेता_पुणे: तुम्ही अर्धीच बाजू मांडता. मायक्रोसॉफ्टमध्ये सात दिवसांत सीट कमी करता येतात, मग अडकण्याचा प्रश्न येतो कुठे?

हिशेबनीस_कोल्हापूर: ते सात दिवस खरेदीपासून किंवा नूतनीकरणापासून मोजतात, माणूस गेला त्या दिवसापासून नव्हे. पाचव्या महिन्यात त्यांचा काय उपयोग? सीट वाढवणे कधीही जमते, कमी करणे मात्र त्याच सात दिवसांत किंवा मुदत संपताना. शिवाय स्वयंनूतनीकरण चालू राहिले, तर जुनीच संख्या त्या वेळच्या दराने पुढच्या वर्षभरासाठी लागू होते. म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख मी मालकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतः लिहून येतो.

दुकानदार_सांगली: आमचा अनुभव वेगळा आहे. `info@` आणि `accounts@` यांसाठी आम्ही दोन जादा सीट तीन वर्षे भरल्या. त्या पत्त्यांवर माणूस कोणीच बसत नव्हता.

हिशेबनीस_कोल्हापूर: मूळ प्रश्न मुदतीचा होता, पण तुमचेही नुकसान खरे आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्सला 50 जीबीपर्यंत वेगळा परवाना लागत नाही, आणि गूगल वर्कस्पेसमध्ये एखाद्याच्या खात्यावर उपनावाचा पत्ता फुकट जोडता येतो. माणसे मोजण्याऐवजी पत्ते मोजले की असे होते.

सीए_नाशिक: तुम्ही दोघेही कराविषयी गप्प आहात, आणि माझ्याकडे सर्वाधिक तक्रारी त्याच्याच येतात. बिल परदेशी कंपनीचे असेल आणि फर्म नोंदणीकृत असेल, तर 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने फर्मनेच भरायचा. तोही रोखीने, शिल्लक क्रेडिटमधून नाही. खात्यात जीएसटी क्रमांक टाकला नसेल, तर कंपनी स्वतःच 18 टक्के आकारते आणि त्याचे क्रेडिट फर्मला मिळत नाही. 1440 डॉलरवर हे सुमारे 259 डॉलर होतात, म्हणजे तुम्ही वाचवलेल्या 240 पेक्षा जास्त!

विक्रेता_पुणे: रिव्हर्स चार्जने भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, मग तो खर्च कसा? लोकांना उगाच घाबरवू नका.

सीए_नाशिक: घाबरवत नाही. कंपोझिशन योजनेतल्या फर्मला क्रेडिट मिळतच नाही, आणि ज्यांना मिळते त्यांनाही आधी रोख काढावी लागते. तुमची रक्कम तुमच्या हाती पडते, म्हणून त्यांची अडचण तुम्हाला दिसत नाही.

विक्रेता_पुणे: हा वैयक्तिक आरोप मला मान्य नाही. जीएसटी क्रमांक खरेदीच्या वेळीच भरून घ्यायला हवा, एवढे मी मान्य करतो. पण ज्या फर्ममध्ये वर्षभर तीच दहा माणसे असतात, तिने मासिक दराने वीस टक्के जास्त का मोजावेत?

हिशेबनीस_कोल्हापूर: मोजू नयेत. तिच्यासाठी तुमचा वार्षिक करार बरोबर आहे, मीही दहांसाठी तोच सुचवला होता. पण "तीच दहा माणसे" हे तुम्ही मालकांना विचारून लिहिता की हजेरीपटावरून मोजता, ते सांगा. माझ्या क्लायंटच्या हजेरीपटावर खरेदीच्या दिवशी चौदाच होती.