अण्णांचा डॉक्टरांचा कागद परत आला

निखिल, मँचेस्टर

नमस्कार मंडळी,

अण्णांच्या बायपासला आज ३४ दिवस झाले. ते आणि आई रत्नागिरीहून इकडे येतायत. मुंबईहून निघून आखातात चार तास थांबायचं आणि मग मँचेस्टर. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी 'प्रवासास हरकत नाही' एवढं लिहून सही-शिक्का दिला, तो कागद मी विमान कंपनीच्या मेडिकल डेस्कला पाठवला. दुसऱ्याच दिवशी परत आला. त्यांचाच मेडिफ, म्हणजे प्रवाशाच्या तब्येतीचा फॉर्म, डॉक्टरांकडून भरून हवा आहे, त्यात ऑक्सिजनची पातळी, हिमोग्लोबिन आणि ऑपरेशननंतर काय काय झालं ते.

घरी अण्णांचा ऑक्सिमीटर बसल्या जागी ९३-९४ दाखवतो. पडवीत चार फेऱ्या मारल्या की ९०. मागच्या एक्स-रेत डाव्या बाजूला थोडं पाणी दिसलं होतं. प्रवास अकरा दिवसांवर आलाय. यातून कोणी गेलंय का?

शिरीष

अरे निखिल, उगाच घाबरतोस. बायपासनंतर दहा दिवस झाले की सोडतात, तुझे तर ३४ झाले! मेडिफच्या भानगडीत पडूच नको, नुसती व्हीलचेअर मागव. तिला डॉक्टरचा कागद लागत नाही. आमच्या आईला मी तसंच आणलं.

स्नेहल

शिरीषदादा, व्हीलचेअरचं बरोबर आहे. दहा दिवसही बरोबर, पण ज्याचं सगळं सुरळीत झालं त्याच्यासाठी. अण्णांच्या छातीत पाणी आहे आणि आकडा ९४ आहे. शिवाय डेस्कला आता कळलंय, मागे फिरता येणार नाही.

निखिल, मी बरीच वर्षं हे फॉर्म वाचले आहेत. 'हरकत नाही' या शब्दांचा आम्हाला उपयोग नसायचा. विमानाच्या आतली हवा जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्याइतकी विरळ होते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही आणखी ८०० मीटर वर. अण्णांचे ९४ रत्नागिरीतले, समुद्राच्या पातळीवरचे. तेच वर किती उतरतील हा डेस्कचा प्रश्न. ९५ च्या वर असते तर बहुधा कोणी अडवलं नसतं, ९२ च्या खाली असते तर ऑक्सिजन लागणार असंच धरलं असतं. मधला पट्टा घोळाचा. त्यासाठी कमी ऑक्सिजनची हवा देऊन करायची एक चाचणी असते, पण ती सगळीकडे होत नाही.

सगळ्यात आधी नवा एक्स-रे काढा. पाणी असेल तर फुप्फुस पुरतं फुलत नाही, त्याला ऑक्सिजनचा आधार देता येतो. हवा अडकली असेल तर ती वर गेल्यावर साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते, आणि मग ती निघेपर्यंत विमान नाहीच. डॉक्टरांकडून 'हवा नाही' हे शब्द लिहून घ्या. ऑक्सिमीटरचा आकडा ऑक्सिजन न लावता घेतलाय, हेही. फॉर्मवर विचारतात की दहा-बारा पायऱ्या दम न लागता चढतात का. तिथे खरं उत्तर द्या.

आणि तिकिटावर कोणती व्हीलचेअर टाकलीस? `WCHR` म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढतात. फॉर्मवर 'चढत नाहीत' आणि तिकिटावर `WCHR` असेल, तर विमान लांब उभं असलं की जिन्यापाशीच अडकाल. अण्णांना `WCHS`, म्हणजे जिना न चढणाऱ्यांची, लागेल.

सुषमाताई

निखिल, माझंही असंच झालं होतं. मालवणला गेले असताना रेटिनाचं ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. तो विरेपर्यंत विमान नको म्हणाले. माझा लांब टिकणारा गॅस, सहा आठवडे बहिणीकडे राहिले. अण्णांना गॅस कोणता घातलाय ते विचार.

निखिल

सुषमाताई, अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन आहे, डोळ्याचं नाही :) पण गॅसचं ऐकून आईने आतेकाकांना फोन केला. त्यांचं रेटिनाचं ऑपरेशन गेल्याच आठवड्यात झालंय.

एक्स-रे झाला. पाणी कमी आहे, हवा नाही. हिमोग्लोबिन १०.८. डेस्कने दोन्ही विमानांत मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन मंजूर केलाय, पण मधल्या चार तासांत जमिनीवर देणार नाहीत. घरचं कॉन्सन्ट्रेटर पाठवू का?

स्नेहल

घरचं विजेवर चालणारं मोठं मशीन नको, ते केबिनमध्ये वापरू देत नाहीत. बॅटरीचं छोटं मशीन चालतं, पण त्याचं मॉडेल आधी कळवावं लागतं आणि बऱ्याच कंपन्या उड्डाणाच्या दीडपट वेळेच्या बॅटऱ्या मागतात. साडेतीन आणि साडेसात तासांची दोन उड्डाणं, म्हणजे साडेसोळा तास झाले. भाड्याने घेतलंस तरी तेवढ्या बॅटऱ्या मिळणं अवघड.

आखातातला तो विमानतळही समुद्रसपाटीलाच, रत्नागिरीसारखा. बसून राहिले तर घरी जसे ९३-९४ तसेच राहतील. चालले की ९०. म्हणून तिथे व्हीलचेअर सोडायची नाही, बाथरूमलाही नाही. पण तेवढ्यावर डॉक्टर समाधानी आहेत का, ते त्यांनाच विचार.

निखिल

ताई, विचारलं. म्हणाले, "सोमवारी पुन्हा आकडा घेऊ, मग सांगतो." मंजुरीच्या प्रिंट आईच्या पर्समध्ये ठेवायला सांगितल्यात. अण्णा ऑक्सिजनची नळी सगळ्यांसमोर लावायला तयार नाहीत, ते वेगळंच.