मदत हवी आहे: दहावीचा मुलगा, पहाटे ट्यूशन, रात्री साडेबारापर्यंत जागरण

खानापूरची_आई:
मुलगा यंदा एसएसएलसीला, मराठी माध्यम. परीक्षेला पाच आठवडे राहिलेत. गणिताची ट्यूशन बेळगावात सकाळी सहाला, म्हणून पावणेपाचला उठतो. शाळा करून साडेपाचला घरी. आल्या आल्या आडवा होतो ते आठपर्यंत. मग जेवण, अभ्यास, आणि झोपायला साडेबारा. परवा सराव परीक्षेत पाठ असलेला कन्नडचा निबंध अर्ध्यात विसरला. सासूबाई म्हणतात आळशी झालाय. वेळापत्रक कसं बसवू?

निपाणीकर_आण्णा:
पहाटेचाच अभ्यास खरा. रात्री नवाला झोपवा, तीनला उठवा. स्ट्राँग चहा द्या. आम्ही असंच शिकलो.

परिचारिका_चिकोडी:
आण्णा, लवकर झोपवा हे बरोबर, पण नऊला झोप येणार कुठून? या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं, अकराच्या आत डोळा लागणं अवघड. आणि तीनला उठवलं तर पहाटेची झोप जाते. स्वप्नांची झोप जास्त करून त्याच वेळी असते.

ताई, खरी अडचण संध्याकाळची झोप आहे. चहाच्या वेळी पोटभर भडंग खाल्लं की रात्री भूक लागत नाही, तसंच हे. अडीच तास झोपल्यावर अकराला झोप कशी येईल? घरी आल्यावर गजर लावून पंचवीस मिनिटंच पडू द्या, मग तोंड धुऊन अंगणात फिरवा. गणित, विज्ञान साडेसहा ते नऊ. जेवणानंतर कन्नडचं पाठांतर, तेही नुसतं वाचून नव्हे, वही मिटून लिहून काढायचं. दर तीन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडं घ्या. पहिले चार-पाच दिवस चिडचिड करेल, तेव्हा ढिलं सोडू नका. चहा दुपारी चारनंतर बंद.

उद्यमबाग_नाईट:
मी फाउंड्रीत नाईट करतो, दिवसा सहा तास झोपतो, काही होत नाही. सवयीचा प्रश्न आहे.

परिचारिका_चिकोडी:
दादा, सुट्टीच्या दिवशी किती वेळ झोपता?

उद्यमबाग_नाईट:
अकरा तास. मिसेस उठवते तेव्हा उठतो.

परिचारिका_चिकोडी:
मग ती उरलेली उधारीच हो.

खानापूरची_आई:
हापण रविवारी दहापर्यंत लोळतो. ते चालेल का?

परिचारिका_चिकोडी:
सात, फार तर साडेसात. दहाला उठला की रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पुन्हा पावणेपाच. मात्र हिशेब सांगते: साडेदहाला झोपला तरी सव्वासहा तासच होतात. या वयाला आठ तरी लागतात. तेवढे वेळापत्रकातून निघणार नाहीत, ट्यूशनमधूनच काढावे लागतील. पोर्शन संपला असेल तर संध्याकाळची बॅच मागा.

निपाणीकर_आण्णा:
फी भरलीय, सर ऐकतील होय?

खानापूरची_आई:
विचारलं. संध्याकाळची बॅच फुल्ल म्हणाले. आठवड्यातले तीनच दिवस पाठवावं म्हणते, पण ह्याचे बाबा तयार नाहीत. आज गजर लावून पंचवीस मिनिटांनी उठवला, तर उशी फेकली माझ्या अंगावर.