मदत हवी आहे: काजूचा स्टॉक व्हिडिओवर मोजला, आकडा तंतोतंत जुळला, तरी मन मानत नाही

मडगावची_सीए
नमस्कार. मी मडगावातल्या एका लहान सीए फर्ममध्ये काम करते. वाळपईजवळच्या एका काजू प्रक्रिया करणाऱ्या कंपनीचं ऑडिट जूनमध्ये आमच्याकडे आलं, त्यामुळे ३१ मार्चच्या मोजणीला आमचं कोणी नव्हतं. सर म्हणाले, एवढ्या पावसात सत्तरीत कशाला जातेस, व्हिडिओवर मोज आणि तिथून मार्चपर्यंत मागे हिशेब लाव.

तसं केलं. एक गोदाम शुक्रवारी पाहिलं, दुसरं सोमवारी. मालकांचा मुलगा मोबाईल घेऊन फिरत होता आणि मी इथून सांगत होते. दोन्हीकडे मिळून काजू बियांची ८० किलोची १,६६० पोती मोजली. एप्रिलपासून ७४० पोती कटिंगला सोडली आणि २६० नवी आली, असं त्यांचं रजिस्टर सांगतं. म्हणजे १,६६० अधिक ७४० वजा २६०, बरोबर २,१४०. वह्यांतला मार्चचा आकडाही २,१४०च. खरेदीच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट त्यांनी पीडीएफमध्ये मेल केलंय, व्हिडिओ रेकॉर्ड केलेला आहे. एवढा पुरावा पुरेल का?

आर्टिकल_म्हापसा
पुरायला हवा की. कोविडच्या वर्षी असंच तर चाललं होतं. आयसीएआयने तेव्हा व्हिडिओवरून मोजणी करण्याबद्दल मार्गदर्शनही काढलं होतं. रेकॉर्डिंग वर्किंग पेपर्समध्ये टाका आणि मोकळ्या व्हा.

पणजीचा_जुना_ऑडिटर
मार्गदर्शन होतं हे खरं, पण तेव्हा घराबाहेर पडायला बंदी होती. ऑडिटचं मानक एसए ५०१ म्हणतं की स्टॉक मोठा असेल तर मोजणीला हजर राहा, ते व्यवहार्यच नसेल तर पर्यायी मार्ग धरा. गैरसोय किंवा गाडीखर्च याला ते कारण मानत नाही. मडगावहून वाळपईला जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं हो ताई. हे फाईलमध्ये लिहायची वेळ आली तर काय लिहाल, पाऊस होता?

आता मोजणीकडे वळू. थप्पी कशी होती? लांबी, रुंदी, उंची सांगा.

मडगावची_सीए
मोठ्या थप्प्या १० बाय ८, सहा थर उंच. चारही बाजूंनी फिरून दाखवल्या, शिडीवर चढून वरूनही.

पणजीचा_जुना_ऑडिटर
म्हणजे एका थप्पीत ४८०. कडेची रांग आणि वरचा थर सोडला तर आत ८ बाय ६, पाच थर, अशी २४० पोती उरतात. ती कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. तुम्ही निम्मी थप्पी पाहिली आणि निम्मी गृहीत धरली. मध्ये पोकळी असू शकते, नाहीतर टरफलं भरलेली पोतीही असू शकतात. प्रत्यक्ष गेलात तर थप्पीवर चढून मधली चार पोती काढायला लावता येतात, बी कापून बघता येते, पोतं काट्यावर ठेवता येतं. व्हिडिओवर पोतं हललं तरी ते ८० किलोचं की ५५चं हे कळत नाही.

आणि शुक्रवारी एक, सोमवारी दुसरं, असं का? मध्ये शनिवार-रविवार होता. एक ट्रक पुरतो.

काजूवाला_डिचोली
आमचंही ऑडिट व्हिडिओवर झालं होतं, आयएसओ २२०००चं. काहीच अडचण आली नाही. ऑडिटर बाईंनी हात धुण्याची जागा, बॉयलिंग सेक्शन, पॅकिंग असं सगळं दाखवायला सांगितलं, सर्टिफिकेट मिळालं. तुम्ही लोक उगाच घाबरवता. फक्त बॉयलरजवळ नेटवर्क जातं, तेवढं आधी बघून घ्या.

पणजीचा_जुना_ऑडिटर
बाब, ते वेगळं ऑडिट. तिथे काम पद्धतीनुसार चालतं का ते बघतात, इथे माल आहे का आणि किती, हा प्रश्न आहे. तरी नेटवर्कचं बरं सांगितलंत. कॉल तुटून पुन्हा लागतो त्या दोन मिनिटांत काय झालं ते रेकॉर्डिंगमध्ये नसतं. तेवढा भाग पुन्हा सुरुवातीपासून चालायला लावायचा.

मडगावची_सीए
कॉल दोनदा तुटला होता. आणि आता हे वाचून रेकॉर्डिंग परत पाहिलं. दोन्ही गोदामांत निळी चिकटपट्टी लावलेला एकच वजनकाटा दिसतो. काटा हलवला असेल म्हणा.

पणजीचा_जुना_ऑडिटर
हलवला असेलही, काटा नेतात इकडून तिकडे. पण काट्याबरोबर आणखी काय गेलं हे तुम्हाला ठरवता येत नाही. पुन्हा व्हिडिओच करायचा असेल तर दोन्ही गोदामांत दोन फोन एकाच वेळी चालू ठेवा. प्रत्येक थप्पीवर खडूने आकडा लिहायला लावा, तो आकडा तुम्ही त्या क्षणी सांगायचा. कुठे वळायचं, कुठलं पोतं उघडायचं हेही तुम्ही ठरवायचं, मुलाने नाही.

कागदांचं म्हणाल तर मेलवर आलेल्या पीडीएफवर माझा भरवसा नाही. त्यांना स्क्रीन शेअर करायला सांगा, बँकेचा पत्ता तुमच्यासमोर टाइप करून लॉगिन करायला लावा, स्टेटमेंट तिथल्या तिथे उतरवून त्याच बैठकीत तुमच्या फोल्डरमध्ये चढवायला सांगा. मग मेलवाल्याशी ओळ न ओळ ताडून बघा. पान आधीच उघडून ठेवलेलं असेल तर रिफ्रेश करायला लावा, कारण ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा कोणीही दोन मिनिटांत बदलू शकतो. वर्षअखेरची शिल्लक मात्र बँकेकडून थेट तुमच्याकडेच आली पाहिजे, क्लायंटच्या हातून नको.

बँकेतून_निवृत्त_फोंडा
कॅश क्रेडिट असेल तर मार्चअखेरचं स्टॉक स्टेटमेंट त्यांनी बँकेला दिलं असणार. ते बँकेकडून मागवा. जुळलं की प्रश्न मिटला.

पणजीचा_जुना_ऑडिटर
मागवा जरूर. मर्यादा पाच कोटींच्या वर मंजूर असेल तर ऑडिट अहवालाच्या कारो आदेशाखाली ते ताडावंच लागतं. पण त्यातला आकडाही मालकानेच लिहिलेला आहे साहेब. जुळला नाही तर बातमी आहे, जुळला म्हणून माल सिद्ध होत नाही. बँकेच्या माणसाने मार्चच्या आसपास गोदाम तपासलं असेल, तर तो अहवाल जास्त कामाचा.

आता मूळ दुखणं. ७४० आणि २६० हे दोन्ही आकडे त्यांच्याच रजिस्टरातले आहेत. २६० पोती शेतकऱ्यांकडून घेतलेली असतील तर पावतीही कंपनीनेच बनवलेली, कारण तिथे जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदार भरतो. तो भरलाय का ते रिटर्नमध्ये बघा आणि शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे गेले का तेही बघा. ७४०चं काय करायचं ते काजूवाले सांगतील. एका पोत्यातून गर किती निघतो हो?

काजूवाला_डिचोली
चांगल्या बीला पोत्यामागे २० ते २२ किलो. जुनी, ओल लागलेली बी असेल तर कमी.

मडगावची_सीए
म्हणजे ७४० पोत्यांतून निदान १४,८०० किलो गर निघायला हवा. मी आत्ता विक्रीची ई-इन्व्हॉइस आणि गराचा शिल्लक साठा यांवरून हिशेब केला. एप्रिलपासूनचं उत्पादन ११,९०० किलोच्या आसपास येतंय. २० किलोने भागलं तर ५९५ पोती. उरलेली १४५ पोती कटिंगला गेलीच नसतील, तर मागे जाणारा हिशेब १,९९५वर थांबतो, २,१४०वर नाही.

काजूवाला_डिचोली
माल जुना असेल तर १६ किलोही पडतं. लगेच चोर ठरवू नका.

पणजीचा_जुना_ऑडिटर
बरोबर आहे, १६ धरलं तर जवळजवळ ७४०च येतात. मग बी खरंच जुनी आहे का ते गराच्या दर्जावरून आणि विक्रीच्या भावावरून दिसेल. पण जुनी बी असेल तर गोदामातल्या स्टॉकची किंमत कमी धरायला हवी, ती धरलीय का? दोन्हीपैकी एक उत्तर त्यांना द्यावंच लागेल. आणि हो, साडेतीन महिन्यांची उलाढाल होऊन एका पोत्याचाही फरक नाही, हे मला पहिल्यापासून खटकतंय. खऱ्या गोदामात फाटलेली, अर्धी भरलेली, चुकून दोनदा लिहिलेली पोती असतात.

आर्टिकल_म्हापसा
समजा आता प्रत्यक्ष जाऊन मोजलं आणि १,६६० भरली. तरी मार्चचं सिद्ध कसं होणार?

पणजीचा_जुना_ऑडिटर
एकट्या त्याने होत नाही, मधली साडेतीन महिन्यांची रजिस्टरं विश्वासार्ह ठरली तरच होतं. ती ठरली नाहीत तर स्टॉकपुरतं मत राखून अहवाल द्यायचा, एसए ७०५ त्यासाठीच आहे. रक्कम फारच मोठी असेल तर त्याहून कडक.

मडगावची_सीए
सरांना फोन केला. मत राखून ठेवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण गाडी मिळाली. मंगळवारी दोन आर्टिकल घेऊन न कळवता जातेय, एक एका गोदामात आणि एक दुसऱ्यात. थप्पी मधून उघडायला हमाल लागतील, ते कंपनीचेच घ्यावेत की बाहेरचे?