प्रतिसाद: राजीनाम्यात शिफारसपत्राची विनंती

> राजीनाम्याच्या शेवटी सरांकडे शिफारसपत्र मागितलं तर चालेल का? कसं लिहू?

चालेल, पण शेवटचा दिवस आणि काम कोणाकडे सोपवणार हे लिहून झाल्यावर, दोन-तीन ओळींत. राजीनामा एचआरच्या फाइलमध्ये जातो, म्हणून पुढच्या नोकरीचा तपशील त्यात नको. नुसतं 'पत्र मिळावं' लिहिलंत तर तो मेल एचआरकडे जाईल आणि हातात पडेल अनुभवपत्र: पद आणि तारखा, बस्स. म्हणून काम नेमकं सांगा:

"सर, गोदामातल्या साठ्याचं नियोजन मी तुमच्याकडे शिकलो. आपल्याला योग्य वाटल्यास त्या कामाबद्दल शिफारसपत्र द्यावं, ही विनंती. मुद्दे वेगळ्या मेलने पाठवतो."

'योग्य वाटल्यास' गाळू नका. सरांना नाही म्हणायची वाट मोकळी राहिली पाहिजे. भिडेखातर लिहिलेलं पत्र गुळमुळीत होतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

मुद्द्यांच्या त्या वेगळ्या मेलमध्ये तुमची दोन कामं, त्यांचे आकडे, पत्र कशासाठी हवं आणि कधीपर्यंत, एवढंच द्या. बऱ्याच कंपन्या लेटरहेडवर शिफारस लिहू देत नाहीत. तसं असेल तर सरांनी वैयक्तिक नात्याने, स्वतःच्या सहीने लिहिलेलं पत्रही अनेक ठिकाणी चालतं.